पत्ता टाइप केल्यावर काय होतं? सुरक्षेच्या मुलाखतीत सगळे टप्पे सांगावेत की एकच धागा धरावा

"ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबलं, की काय काय होतं?" सुरक्षेच्या नोकरीच्या मुलाखतीत हा प्रश्न आला की उत्तराच्या दोन वाटा समोर असतात. पत्त्यापासून पानापर्यंतचे सगळे टप्पे क्रमाने सांगायचे आणि प्रत्येकाला एक धोका, एक बचाव जोडत जायचं, ही पहिली. दुसऱ्या वाटेत क्रम चार वाक्यांत उरकायचा आणि त्यातला एकच कच्चा दुवा धरून तळापर्यंत जायचं. मी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. उमेदवार असताना पहिल्या वाटेने गेलो आणि सहाव्या मिनिटाला समोरच्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ते अजून आठवतं.

तुलनेसाठी दोन्ही वाटांना एकच प्रसंग देऊ. कुणीतरी सार्वजनिक वायफायवर आहे. त्याने `example.com` एवढंच टाइप केलंय, पुढे `https://` लिहिलेलं नाही. त्याच वायफायवर एक हल्लेखोरही बसलाय.

पहिली वाट: सगळे टप्पे

हे उत्तर साधारण असं जातं. ब्राउझर आधी ठरवतो की टाइप केलेला मजकूर पत्ता आहे की शोधायचा शब्द. मग डीएनएसकडून आयपी पत्ता मिळतो, टीसीपी जोडणी होते, टीएलएसचा हँडशेक होतो, विनंती जाते, उत्तर येतं, पान उभं राहतं. सुरक्षेचं म्हणून मध्ये मध्ये सांगितलं जातं: डीएनएसमध्ये स्पूफिंग, टीएलएसमध्ये खोटं सर्टिफिकेट, पानात एक्सएसएस.

याचा मोठा फायदा म्हणजे काही राहून जात नाही. समोरच्याला हवा तो टप्पा उचलून पुढे विचारता येतं. नवख्या उमेदवाराला ही वाट सांभाळूनही घेते, कारण एका ठिकाणी अडखळलं तरी पुढचा टप्पा असतोच.

तोटा दिसायला जरा वेळ लागतो. प्रत्येक धोका आपापल्या खणात पडून राहतो, त्यांचा एकमेकांशी संबंध सांगितलाच जात नाही. डीएनएसचंच घ्या. "डीएनएस स्पूफिंग होऊ शकतं, म्हणून डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस वापरावं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा शब्द कोणता येणार ते आधीच कळतं. वाक्य चुकीचं नाही, अर्धं आहे. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस तुमच्यापासून रिझॉल्व्हरपर्यंतचाच, म्हणजे नावाचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरपर्यंतचाच रस्ता झाकतं. रिझॉल्व्हरच खोटं बोलला, किंवा त्याच्या कॅशमध्ये आधीच खोटी नोंद घुसवलेली असली, तर ते खोटं उत्तर तुमच्यापर्यंत अगदी सुरक्षितपणे पोहोचतं. डीएनएससेकचं उलट आहे. ते नोंदीवर सही करतं, म्हणजे बनावट नोंद ओळखता येते, पण लपवत काहीच नाही.

सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्कीने २००८ मध्ये दाखवलेला हल्ला कॅशवरचाच होता. खोटं उत्तर खपवायला डीएनएस प्रश्नाचा ओळख क्रमांक अंदाजाने जुळवावा लागतो, आणि तो १६ बिटांचा, म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६. एक प्रयत्न फसला की त्याच डोमेनखालचं वेगळं नाव विचारून लगेच दुसरा प्रयत्न करता यायचा. त्यावर तातडीचा उपाय म्हणून प्रश्न निघण्याचं पोर्टही दर वेळी यादृच्छिक केलं गेलं, म्हणजे हल्लेखोराला दोन्ही आकडे एकदम जुळवावे लागतात.

आता मुद्द्यावर येऊ. समजा आपल्या हल्लेखोराने खोटा आयपी पत्ता खपवला. जोडणी एचटीटीपीएसवर होणार असेल तर त्याच्याकडे `example.com` च्या नावाचं, मान्यताप्राप्त संस्थेने सही केलेलं सर्टिफिकेट लागेल. ते नसलं की पडद्यावर `NET::ERR_CERT_COMMON_NAME_INVALID` सारखी चूक येते आणि डाव तिथेच फसतो. म्हणजे डीएनएसच्या टप्प्यातला धोका टीएलएसच्या टप्प्यात अडवला जातो. खणाखणांचं उत्तर देणारा हे बहुतेक वेळा सांगत नाही. याचा अपवाद तर त्याहून क्वचित ऐकायला मिळतो: हल्लेखोराने डोमेनच्या मूळ डीएनएस नोंदींवरच ताबा मिळवला, तर तो स्वतःसाठी अस्सल सर्टिफिकेट काढू शकतो. डोमेन तुमच्या ताब्यात आहे का, हे संस्था बऱ्याचदा डीएनएसवर विसंबूनच तपासते.

दुसरी वाट: एकच धागा

इथे उमेदवार क्रम भरभर सांगतो आणि म्हणतो, "यात मला सगळ्यात कच्ची वाटते ती पहिली विनंती. टीएलएस सुरू व्हायच्या आधी उघडी जाणारी." आणि तिथेच थांबून राहतो.

ही विनंती उघडी का जाते? पत्त्यात `https://` नव्हतं. साइट एचटीटीपीएसवर असली तरी ब्राउझरला ते ठाऊक असेलच असं नाही. तो पोर्ट ८० वर साधी विनंती पाठवतो आणि सर्व्हर त्याला वळवतो:

```
$ curl -sI http://example.com
HTTP/1.1 301 Moved Permanently
Location: https://example.com/
```

(साइट आणि उत्तर दोन्ही नमुन्यादाखल.) हे ३०१ उघड्यावरून येतं. मधल्या माणसाने ते गिळलं तर? तो सर्व्हरशी एचटीटीपीएस बोलतो आणि वापरणाऱ्याशी साधं एचटीटीपी. पानातल्या `https` च्या लिंका जाता जाता `http` करतो. सर्टिफिकेटची चूक कुठेच येत नाही, कारण वापरणाऱ्याच्या बाजूला टीएलएस सुरूच झालेलं नसतं. मॉक्सी मार्लिनस्पाइकने २००९ मध्ये `sslstrip` नावाच्या हत्याराने हे करून दाखवलं होतं.

३०१ गिळलं नाही तरीही गोष्ट संपत नाही. वापरणारा आधी लॉगिन केलेला असेल आणि सेशनच्या कुकीवर `Secure`, म्हणजे फक्त एचटीटीपीएसवरूनच पाठवायची ही खूण, नसेल, तर ती कुकी त्या पहिल्याच उघड्या विनंतीबरोबर निघून जाते. सर्व्हर वळवेपर्यंत ती वाचून झालेली असते. "आमच्याकडे सगळं एचटीटीपीएसला रीडायरेक्ट होतं" असं अभिमानाने सांगणाऱ्या एका ठिकाणी मी नेमकं हेच पाहिलं होतं.

यावरचा इलाज एचएसटीएस, २०१२ चं आरएफसी ६७९७. सर्व्हर एक हेडर पाठवतो:

```
Strict-Transport-Security: max-age=31536000; includeSubDomains
```

३,१५,३६,००० सेकंद म्हणजे एक वर्ष. तेवढा काळ ब्राउझर या नावासाठी साधी विनंती बाहेर पाठवतच नाही, स्वतःच `https` करतो. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये हे `307 Internal Redirect` म्हणून दिसतं. ते उत्तर सर्व्हरकडून आलेलं नसतं, ब्राउझरने घरातल्या घरात दिलेलं असतं. शिवाय सर्टिफिकेट चुकलं तर "तरीही पुढे जा" हा पर्यायही काढून घेतला जातो.

इथून पुढे खऱ्या प्रश्नांची रांग लागते, आणि हीच या वाटेची मजा. हे हेडर साध्या एचटीटीपीवरून आलं तर? ब्राउझर ते दुर्लक्षितो, नाहीतर मधल्या माणसालाही ते घालता आलं असतं. मग पहिल्याच भेटीत काय? काही नाही, ती भेट उघडीच. म्हणून प्रीलोडची यादी, जी ब्राउझरसोबतच येते. तिच्यात जायला किमान एक वर्षाची मुदत, `includeSubDomains` आणि `preload` हे तिन्ही लागतं.

यातला माझा आवडता बारकावा असा. `http://example.com` वरून सर्व्हरने थेट `https://www.example.com` कडे पाठवलं, तर हेडर मिळतं `www` च्या नावावर. नुसतं `example.com` कधीच एचटीटीपीएसवर भेटलेलं नसतं, त्यामुळे त्याच्याबद्दल ब्राउझरला काही माहीत होत नाही. लोक टाइप करतात ते मात्र नुसतं `example.com`. म्हणजे एचएसटीएस लावलेलं आहे, तपासणीत हिरवं दिसतंय, आणि तरी दर वेळी पहिली विनंती उघडीच जातेय. आधी त्याच नावाच्या `https` वर वळवून मग `www` कडे पाठवलं की हे मिटतं. मुलाखतीत कुणी हे आपणहून सांगितलं, तर मी पुढचे दोन प्रश्न सोडून देतो.

समोरचा तयारीचा असेल तर म्हणेल, "पण हल्ली ब्राउझर आधी `https` च वापरून बघतात ना?" बरोबर आहे. क्रोमने २०२१ मध्ये, ९० व्या आवृत्तीपासून, टाइप केलेल्या पत्त्यांसाठी हे सुरू केलं. पण तो प्रयत्न फसला तर ब्राउझर `http` वर उतरतो, आणि मधल्या माणसाला फक्त पोर्ट ४४३ अडवायचं असतं. कायम सुरक्षित जोडणीच वापरायची सेटिंग चालू असेल तर उतरण्याआधी इशारा येतो, एवढाच फरक.

मग कुठली निवडायची?

नेटवर्कवर नजर ठेवण्याचं, लॉग वाचण्याचं काम असेल तर पहिली वाट घ्या, फक्त प्रत्येक टप्प्यावर धोक्याच्या नावाऐवजी तिथे काय दिसतं ते सांगा. साध्या डीएनएसमध्ये विचारलेलं नाव उघडं दिसतं. टीएलएस १.३ मध्ये सर्टिफिकेट झाकलेलं असतं, पण हँडशेकच्या पहिल्या संदेशातलं सर्व्हरचं नाव, एसएनआय, सहसा उघडंच असतं. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला हाच फरक रोज लागतो.

ॲप्लिकेशनच्या सुरक्षेची किंवा तपासणीची जागा असेल तर माझं मत सरळ दुसऱ्या वाटेकडे. अट एकच: निवडलेल्या धाग्यावर तीनदा "मग?" विचारलं तरी तुमच्याकडे सांगायला असायला हवं. एचएसटीएसचं नुसतं नाव माहीत असेल आणि हेडर कुणाकडून, कोणत्या जोडणीवरून येतं हे माहीत नसेल, तर ही वाट पहिलीपेक्षा लवकर उघडी पाडते. धागा एचएसटीएसचाच हवा असंही नाही. सर्टिफिकेटची साखळी चालेल, कुकी चालेल. स्वतः कधी हाताळलेला असावा.

धोक्यांची नुसती यादी घडाघडा म्हणणं ही तिसरी वाटही काहीजण घेतात. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरी वाट घेतलीत तर तिची हद्द स्वतःच सांगून टाका, नाहीतर समोरचा ती विचारणारच. वापरणाऱ्याने `l` च्या जागी एक आकडा टाइप केला आणि `examp1e.com` वर पोहोचला, तर डीएनएस खरं, सर्टिफिकेट खरं, एचएसटीएससुद्धा खरं. हल्लेखोराने स्वतःच्या डोमेनसाठी ते सगळं रीतसर केलेलं असतं, आणि जोडणी त्याच्यापर्यंत पूर्ण सुरक्षित असते.