बाळाचं नाक चोंदलंय: डोक्याखाली उशी की सलाइनचे थेंब?

यवतमाळकडच्या आमच्या गावात डिसेंबरची थंडी सुरू झाली की हा वाद घरोघरी ठरलेला. माझी भाची तीन महिन्यांची. प्यायला घेतलं की दोन घोट ओढून सोडायची आन् रडायची, कारण दूध पिताना तिला नाकानंच श्वास घ्यावा लागतो. आजी म्हणाली, "डोक्याखाली गोधडीची घडी ठेव न, नाक मोकळं होईन."

उशीनं नाकातला शेंबूड हलत नाही. उलट मान पुढं वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. झोळीतही तेच होतं.

थेंब मात्र शेंबूड पातळ करतात. मेडिकलमध्ये लहान मुलांचे साधे सलाइन नाकाचे थेंब मिळतात. नाक मोकळं करणारं औषध मिसळलेले नकोत. पाजण्याआधी पाचदहा मिनिटं प्रत्येक नाकपुडीत एकदोन थेंब टाकायचे, मिनिटभर थांबायचं, बाहेर आलेलं मऊ कापडानं टिपायचं. तेल टाकू नका, ते फुप्फुसात उतरू शकतं.

डोकं उंच हवंच, तर जागेपणी खांद्यावर उभं धरा. झोपवताना सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर. चुलीचा धूर तेवढा दूर ठेवा.

भाची थेंबांनंतर सलग प्यायली, पण तीन तासांनी नाक पुन्हा भरलं. थेंबांनी सर्दी जात नाही.

छाती आत ओढली जात असेल, पिणं सुटलं असेल किंवा शांत असताना मिनिटाला 50 श्वास (दोन महिन्यांखाली 60) भरले, तर लगेच दवाखाना. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तरीही.