पैसे दोन कॉन्टॅक्टरचे, काम एकाचंच

जळगाव एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि चटई कारखान्यांतला स्क्रॅप घेतो, ग्राइंडरमध्ये दळतो आणि प्लास्टिकचा दाणा करणाऱ्यांना देतो. ग्राइंडरला माल पोचवायला एक पट्टा आहे, ५ एचपीच्या मोटरवर चालणारा. त्याच्या मागच्या ड्रमजवळ माणसं नळ्यांचे गुंते सोडवत उभी असतात, म्हणून पट्ट्याचं पॅनल नवीन करून घेताना मी स्वतःहून म्हटलं होतं की इमर्जन्सी स्टॉप नीट, ड्युअल चॅनलचा, म्हणजे एक वाट फसली तरी दुसरीने थांबवणारा पाहिजे. पॅनलवाला म्हणाला, "शेठ, एकदम कंपनीसारखं करून देतो." बिलात लाल बटणावर लक्ष ठेवणारा सेफ्टी रिले वेगळा, मोटरची वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्टर दोन नग, वायरिंग वेगळं. मी पै न् पै दिली.

डिलिव्हरीच्या दिवशी त्याने लाल बटण दाबून दाखवलं. रिलेवरचे दोन्ही हिरवे दिवे विझले, आत खटखट असे दोन आवाज आले, पट्टा थांबला. आणखी काय बघणार? मी चहा मागवला.

सात महिन्यांनी, मे महिन्यात, दुपारी एका पोराचा गमछा ड्रममध्ये ओढला गेला. बाजूच्याने तत्काळ लाल बटण दाबलं. मोटरचा आवाज बदलला, गुरगुरल्यासारखी झाली, पण पट्टा चालतच राहिला. "भाऊ, बंद व्हत नही!" ही आरोळी ऐकून मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. गमछा फाटला म्हणून मान वाचली. खांदा सोलवटला तेवढ्यावर निभावलं.

रिलेचे दिवे विझलेले होते, म्हणजे त्याने आपलं काम केलं होतं. मग ओळखीचे एक निवृत्त मेंटेनन्सवाले आहेत, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्यांना बोलावलं. त्यांनी मेन बंद करून कुलूप लावलं, पहिल्या कॉन्टॅक्टरचं झाकण काढलं आणि बॅटरी मारून मला आत बघायला लावलं. तीन फेजच्या तीन पोलांपैकी दोन पोलच्या चांदीच्या टिपा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, कडेला काळपट मणी जमलेले. स्क्रू-ड्रायव्हरने ढकलूनही सुटेनात. दोन फेज मिळत होत्या, म्हणून मोटर गुरगुरत का होईना, फिरत होती. ओव्हरलोड रिले पडून तरी काय उपयोग होता? तो टिपा ओढून धरणाऱ्या कॉइलचीच सप्लाय तोडतो. कॉइल सुटली तरी चिकटलेली टिप सुटत नाही.

टिपा चिकटल्या कशा, तर ग्राइंडरची मोठी मोटर सुरू होताना आमच्याकडे व्होल्टेज खाली बसतं. अशा वेळी पट्ट्याच्या कॉन्टॅक्टरची कॉइल धड धरत नाही, थरथरते. मोटर सुरू होताना नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते, त्यात टिपा उघड-बंद होत राहिल्या तर वेल्डिंगच होतं. हे कुठल्याही चांगल्या कॉन्टॅक्टरचं होऊ शकतं. त्यात पॅनलवाल्याची चोरी नव्हती.

चोरी पुढे होती. दुसरा कॉन्टॅक्टर पॅनलमध्ये होता, कॉइलला वायर होत्या, रिले पडला की तोही पडायचा. पण त्याचे मुख्य पोल वरून-खालून रिकामे! मोटरची वीज त्याच्यातून जातच नव्हती. डिलिव्हरीला ऐकलेले ते दोन खटके, त्यातला एक नुसता नाटकाचा. आणि कॉन्टॅक्टर खरंच सुटले का हे रिलेला कळवणाऱ्या फीडबॅकच्या टर्मिनलांवर बोटभर लांबीची एक लाल वायर, थेट ब्रिज केलेली. आप्पांनी ती चिमटीत धरून दाखवली. म्हणाले, "खरा गुन्हा हा आहे."

मला तेव्हा नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी पाठीमागच्या पुठ्ठ्यावर काढून समजावलं. दोन कॉन्टॅक्टर सिरीजमध्ये असले की एक चिकटला तरी दुसरा वीज तोडतो, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पण समजा पहिला आज चिकटला. बटण दाबलं, दुसऱ्याने पट्टा थांबवला. बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं. कोणाला काही कळत नाही, महिनोन् महिने तुम्ही एकाच कॉन्टॅक्टरच्या भरवशावर असता आणि समजता की दोन आहेत. ज्या दिवशी दुसरा चिकटेल, त्या दिवशी बटण खेळण्यातलं.

म्हणून दोन्ही कॉन्टॅक्टरचा एकेक एनसी, म्हणजे कॉन्टॅक्टर पडला की मिटणारा कॉन्टॅक्ट सिरीजमध्ये घेऊन तो रिलेच्या रीसेटच्या वाटेत घालायचा. हा एनसी साधा चालत नाही, मिरर कॉन्टॅक्ट लागतो. मुख्य पोलांपैकी एकही चिकटलेला असेल तर तो मिटूच शकत नाही, अशी त्याची बांधणी असते. मग पहिला चिकटला तरी दुसरा पट्टा थांबवतो, पण पुन्हा सुरू करताना एनसी उघडाच राहिलेला असतो, रीसेट लागत नाही आणि मशीन अडून बसते. बिघाड एकाचा असतानाच उघडा पडतो. रिलेच्या पोटातही असेच दोन छोटे रिले एकमेकांवर नजर ठेवून असतात, पण त्यांची नजर बाहेरच्या कॉन्टॅक्टरपर्यंत फक्त या वायरीतूनच पोचते. तीच वाट आमच्याकडे लाल वायरीने बुजवलेली.

पॅनलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "शेठ, फीडबॅक लावला की मशीन सारखं अडतं, लोक शिव्या घालतात, म्हणून सगळे ब्रिजच करतात." रिकाम्या पोलांबद्दल विचारलं तर रेंज गेली. पैसे परत मिळाले नाहीत.

ज्यांच्याकडे असं पॅनल आहे त्यांनी दिवे आणि खटके ऐकून समाधान मानू नका. मेन बंद करून जाणत्या वायरमनकडून वायरींचा हाताने माग काढून बघा: पहिल्या कॉन्टॅक्टरच्या खालच्या बाजूने निघालेल्या तिन्ही वायर दुसऱ्याच्या वरच्या बाजूला जातात का, आणि तिथून पुढे मोटरकडे. मग सप्लाय बंद असतानाच फीडबॅकची एक वायर सोडून तिला टेप लावायची, सप्लाय द्यायचा आणि रीसेट दाबायचा. वायर सुटणं म्हणजे रिलेच्या दृष्टीने कॉन्टॅक्टर चिकटणंच, तेव्हा रिले लागता कामा नये. लागला, तर कुठेतरी ब्रिज आहे. लाल बटणावर दोन वेगळे एनसी ब्लॉक आहेत आणि त्यांच्या वायर वेगवेगळ्या चॅनलवर जातात, हेही तेव्हाच बघून घ्या. आमच्याकडे तेवढं मात्र बरोबर होतं.

यालाही मर्यादा आहे. कॉन्टॅक्टर पडतात आणि पुन्हा रीसेट होतो तेव्हाच ही तपासणी घडते. वर्षभर कोणी बटणच दाबलं नाही, तर दोन्ही चिकटेपर्यंत रिलेला पत्ता लागणार नाही. म्हणून आता दर शनिवारी सुट्टी होताना पट्टा लाल बटणानेच बंद करतो.

आप्पांनी वायरिंग पुन्हा केलं. त्यानंतर चौथ्या महिन्यातल्या एका सकाळी पोरगा आला, "भाऊ, चालू व्हत नही." नव्या वायरमनने पॅनल उघडून बघितलं आणि खिशातून वायरीचा तुकडा काढला, "दोन मिनिटांत चालू करून देतो." मी तो तुकडा त्याच्याकडून घेतला आणि पहिल्या कॉन्टॅक्टरचं झाकण काढायला सांगितलं. मधल्या पोलची टिप चिकटलेली होती. नवीन कॉन्टॅक्टर बाजारातून यायला दुपारचे तीन वाजले, तोवर पट्टा बंद होता.