मुळाक्षरांचा तक्ता : आठ महिने भिंतीवर लावल्यानंतर

लेक साडेतीन वर्षांची असताना तक्ता आणला, आता ती सव्वाचारची आहे. कागद जाड आहे, वरचं प्लॅस्टिक अजून सुटलेलं नाही, खडूचे रेघोटे ओल्या फडक्याने पुसले जातात. मात्र संध्याकाळी दिवा लावला की मधल्या दोन ओळी चकाकतात आणि काहीच दिसत नाही. जागा बदलल्यावर तो त्रास गेला.

खरी गंमत शब्दांची आहे. घर, छत्री, ढग, ससा, पतंग ही चित्रं तिने आठवड्याभरात पाठ केली. मूल चित्रात जे दिसतं तेच बोलतं, हे मला ‘ए’पाशी कळलं. खाली ‘एडका’ छापलंय आणि ती ठामपणे म्हणते, “ए मेंढीचा!” शेवटी त्यावर मोठा १ काढून चिकटवला. एक. प्रश्न मिटला. ‘ऋषी’ला ती अजून आजोबाच म्हणते, तिथे मी हरलो. ‘ऐरण’ तिने कधी पाहिलेलीच नाही, पण ऐ साठी चित्र काढता येईल असा दुसरा सोपा शब्द मलाही सुचला नाही.

सगळ्यात जास्त घोळ ‘ण’ने घातला. मराठीत ण आणि ळ ने शब्द सुरू होत नाहीत, म्हणून तक्त्यावर बाण आणि बाळ आहेत. पण बाणाच्या चित्रात धनुष्यही काढलंय, आणि खालच्या ‘ध’लाही तेच धनुष्य! महिनाभर ती ‘ण’वर बोट ठेवून “धनुष्य” म्हणायची आणि ‘ळ’ला “ब बाळाचा”. मग मी दोन गोष्टी केल्या. बाण आणि बाळ या शब्दांतलं शेवटचं अक्षर लाल पेनाने रंगवलं, आणि “कशाने सुरू होतं?” ऐवजी “शेवटी काय ऐकू येतं?” असं विचारायला लागलो. पंधरा दिवसांत जमलं. आता स्वयंपाकघरातून ओरडते, “बाबा, नळातपण ळ आहे!” ङ आणि ञ चे चौकोन कोरे सोडलेत, ते मला पटलं. ओढूनताणून ‘वाङ्मय’ घालून चार वर्षांच्या मुलाला काय कळणार?

एक उणीव मात्र उशिरा लक्षात आली. ‘च’ला फक्त ‘चमचा’ आहे. चमच्यातला च दातांजवळचा, चंद्रातला टाळूचा. लिहायला अक्षर एकच. परवा तिने गोष्टीच्या पुस्तकातला ‘चंद्र’ चमच्यासारखा वाचला आणि आम्ही दोघं हसत सुटलो. ज आणि झ चंही तसंच. या तीन चौकोनांत दोन-दोन चित्रं हवी होती. मी ‘च’खाली चंद्रकोर काढली आहे, जरा वाकडी झालीय.

ॲ आणि ऑ तक्त्यावर नाहीतच, ‘बॅट’ आणि ‘बॉल’ मी खाली वेगळ्या कागदावर लिहून लावलेत.