'दा' आणि 'पेर': इंग्रजीतून इटालियन शिकवणाऱ्या सरावमालेचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

इंग्रजी वाक्य समोर ठेवून त्याचे इटालियन भाषांतर टंकून घेणारी ही सशुल्क सरावमाला मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे. धडे किती, आवाज कोणाचा, मोबाइलवर चालते का, हे सर्व तिच्या माहितीपानावर आहेच, म्हणून ते येथे पुन्हा लिहीत नाही. वर्षभराचे शुल्क एकरकमी भरल्यानंतर ज्या एका गोष्टीने मला ग्राहक-सेवेशी वाद घालायला लावले, तिच्याविषयीच प्रामुख्याने लिहितो. ती गोष्ट म्हणजे कालावधी सांगताना 'दा' वापरायचे की 'पेर'.

वाक्य अगदी साधे होते : 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर थ्री इयर्स'. मी लिहिले 'आबितो क्वी दा त्रे आन्नी', म्हणजे वर्तमानकाळाचे क्रियापद आणि पुढे 'दा'. मालेने ते चूक ठरवले आणि खाली 'बरोबर उत्तर' म्हणून 'ओ आबितातो क्वी पेर त्रे आन्नी' असे दाखवले. हे उत्तर व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण त्याचा अर्थ 'मी येथे तीन वर्षे राहिलो' असा होतो. ते राहणे संपलेले आहे. बोलणारा आज पाहुणा म्हणून त्या घरात उभा असेल तर हे वाक्य शोभेल, आज तेथेच राहत असेल तर नाही.

मी तक्रार केली. उत्तर आले की इंग्रजीतील 'फॉर' म्हणजे 'पेर' आणि 'सिन्स' म्हणजे 'दा', आणि माझ्या वाक्यात 'सिन्स' नसल्यामुळे 'दा' येऊ शकत नाही. माझा सारा राग या उत्तरावर आहे, कारण चूक एका वाक्यापुरती नव्हती. ज्या कोष्टकावर संपूर्ण धडा बेतला होता ते कोष्टकच चुकीचे होते. इटालियनमध्ये 'दा' दोन्ही ठिकाणी येते : 'दा त्रे आन्नी' म्हणजे तीन वर्षांपासून आणि 'दा मार्त्सो' म्हणजे मार्चपासून. पुढे कालावधी आहे की आरंभबिंदू, याने 'दा'ला फरक पडत नाही. क्रिया बोलण्याच्या क्षणी चालू आहे की संपली, एवढेच तेथे पाहिले जाते. चालू असेल तर वर्तमानकाळ आणि 'दा'. संपली असेल तर पास्सातो प्रोस्सिमो हा भूतकाळ आणि 'पेर'. शब्दयोगी अव्यय आणि क्रियापदाचा काळ ही जोडी एकत्रच निवडावी लागते. इंग्रजी क्रियापद 'हॅव'ने सुरू होते म्हणून इटालियनमध्येही 'ओ' किंवा 'सोनो' लावून भूतकाळ करण्याची सवय लागली, की पाठोपाठ 'पेर' येतेच, आणि वाक्य चुकीच्या अर्थाने बिनचूक होते. वाचणाऱ्या इटालियन माणसाला त्यात काहीही खटकत नाही. तो सरळ समजून घेतो की तुम्ही आता तेथे राहत नाही.

हा फरक किती महत्त्वाचा आहे हे दाखवण्यासाठी मी ग्राहक-सेवेला इटलीच्या नागरिकत्व कायद्याचा दाखला दिला. 1992 सालच्या 91 क्रमांकाच्या कायद्यातील नवव्या कलमात, युरोपीय संघाबाहेरील परकीयाला नागरिकत्व मिळण्याच्या अटीची शब्दरचना 'रिस्येदे लेगाल्मेंते दा आल्मेनो द्येची आन्नी' अशी आहे, म्हणजे किमान दहा वर्षांपासून कायदेशीर वास्तव्य करीत असलेला. तेथे वर्तमानकाळ आणि 'दा' आहेत. त्याच जागी भूतकाळ आणि 'पेर' घातले असते, तर कधी काळी दहा वर्षे राहून निघून गेलेला माणूसही त्या शब्दांत बसला असता. ज्याला अशा अर्जांसोबतची पत्रे इंग्रजीवरून इटालियनमध्ये करायची आहेत, त्याला 'फॉर म्हणजे पेर' शिकवणे मला अक्षम्य वाटते. या पत्राला पोच आली, उत्तर मात्र बराच काळ आले नाही.

येथवर माझे मत एकच होते : पैसे वाया गेले. पुढच्या टप्प्यात ते काहीसे बदलले, आणि ते लिहिणेही माझे कर्तव्य आहे.

इंपेर्फेत्तो या अपूर्ण भूतकाळाचा विभाग, बहुधा दुसऱ्या कोणी तयार केलेला असावा, इतका तो निराळा आहे. 'मी तेथे तीन वर्षांपासून राहत होतो, तेव्हा मला नोकरी मिळाली' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याला तेथे 'आबिताव्हो ली दा त्रे आन्नी क्वांदो ओ त्रोवातो लाव्होरो' असे उत्तर आहे. नोकरी मिळाली त्या क्षणी राहणे चालूच होते, म्हणून क्रियापद अपूर्ण भूतकाळात गेले आणि 'दा' जागेवर राहिले. लगेच पुढचे वाक्य मुद्दाम त्याच्या शेजारी ठेवले आहे : तेथे तीन वर्षे राहून झाल्यावर मी शहर सोडले. तेथे 'आव्हेव्हो आबितातो ली पेर त्रे आन्नी', कारण सोडण्याच्या आधी ते राहणे पुरे झाले होते. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी 'हॅड लिव्ड देअर फॉर थ्री इयर्स' हेच शब्द आहेत. एवढी नेमकी जोडी मी इतरत्र पाहिलेली नाही.

त्याच विभागात विवाहाची जोडी आहे, जिने मला मनापासून आनंद दिला. 'सोनो स्पोझाती दा द्येची आन्नी' म्हणजे त्यांच्या लग्नाला दहा वर्षे झाली आहेत आणि ते आजही पती-पत्नी आहेत. 'सोनो स्ताती स्पोझाती पेर द्येची आन्नी' म्हणजे त्यांचे लग्न दहा वर्षे टिकले आणि आता ते पती-पत्नी नाहीत. कोणाच्या घरगुती पत्राचे भाषांतर करताना येथे चूक झाली, तर न झालेला घटस्फोट भाषांतरकाराच्या हातून होतो.

या जोडीमुळे मी इंग्रजी वाक्य थेट इटालियनमध्ये नेणे सोडले आणि मध्ये मराठी आणू लागलो. आपल्याकडे 'मी तीन वर्षांपासून इथे राहतो' आणि 'मी इथे तीन वर्षे राहिलो' हा भेद जन्मापासून अंगवळणी पडलेला असतो. 'पासून' आणि वर्तमानकाळ आले की 'दा'. नुसता कालावधी आणि भूतकाळ आला की 'पेर'. 'पेर' की 'दा' अशा कोड्यात पडलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी आडवी येते तेथे मराठी सरळ वाट दाखवते. 'त्याला जाऊन एक तास झाला' हे तर इटालियनच्या फारच जवळचे आहे : 'ए पार्तीतो दा उनोरा'. येथे क्रियापद भूतकाळातले असूनही 'दा' येते, कारण जाणे संपले असले तरी त्याचे तेथे नसणे चालू आहे, आणि तो तास त्या नसण्याचा मोजला जातो. 'भूतकाळ दिसला की पेर' असा आंधळा नियम करणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

मराठीची वाटही सगळीकडे पुरत नाही, हे नकारार्थी वाक्यांनी दाखवले. 'मी तीन वर्षे सिगारेट ओढलेली नाही' असे आपण सहज म्हणतो. त्यात 'पासून' नाही आणि क्रियापदही वर्तमानकाळी नाही. त्यावरून थेट 'नॉन ओ फूमातो पेर त्रे आन्नी' लिहिले, तर ऐकणाऱ्याला वाटते की तीन वर्षे सोडली होती आणि पुन्हा सुरू झाली. आजही सोडलेलीच असेल तर 'नॉन फूमो दा त्रे आन्नी' हवे. 'गेली तीन वर्षे' हा प्रयोगही असाच आहे. त्यात 'पासून' नसते, पण क्रिया चालू असल्यामुळे इटालियनमध्ये 'दा'च येते. म्हणून 'पासून' शोधण्यापेक्षा वाक्यात 'अजूनही' घालून पाहणे अधिक खात्रीचे. ते अर्थ न बिघडता बसले तर 'दा', न बसले तर 'पेर'.

एक पूर्ण उदाहरण देतो. मूळ इंग्रजी पत्राचा आशय असा होता : आई सहा वर्षे आमच्याकडे राहते आहे, त्याआधी तिने दहा वर्षे एका कापड कंपनीसाठी काम केले, आणि तुमच्या उत्तराची मी मार्चपासून वाट पाहत आहे. पहिल्या भागात 'अजूनही' बसते, म्हणून 'मिया माद्रे व्हीव्हे कॉन नोई दा सेई आन्नी'. दुसऱ्या भागात बसत नाही, म्हणून भूतकाळ आणि 'पेर'. पण 'कंपनीसाठी'लाही 'पेर'च लागते आणि एका वाक्यात दोन 'पेर' कानाला टोचतात. कालावधीचे 'पेर' इटालियनमध्ये गाळता येते, म्हणून 'प्रीमा आ लाव्होरातो द्येची आन्नी पेर उनाझ्येंदा तेस्सीले' हे अधिक सुबक. 'दा' मात्र असे कधीच गाळता येत नाही. तिसऱ्या भागात वाट पाहणे चालू आहे, म्हणून 'आस्पेत्तो उना व्होस्त्रा रिस्पोस्ता दा मार्त्सो'. मालेच्या तपासणीने 'पेर' गाळलेले वाक्य चूक ठरवले, ही तिची आणखी एक उणीव.

अलीकडे माझ्या तक्रारीचा परिणाम दिसला. पहिल्या धड्यातील त्या वाक्याला आता 'दा' आणि 'पेर' ही दोन्ही उत्तरे बरोबर धरली जातात. ग्राहक-सेवेने हे मोठी सुधारणा म्हणून कळवले. मला ती सुधारणा वाटत नाही. 'हिअर' आणि 'हॅव लिव्ड' एकत्र आले की इंग्रजी बोलणारा सर्वसाधारणपणे चालू असलेल्या राहण्याविषयीच बोलतो, त्यामुळे तेथे 'दा' हेच उत्तर हवे. नोकरीच्या अर्जातले 'आय हॅव वर्क्ड इन बँकिंग फॉर फाइव्ह इयर्स' हे वाक्य खरोखरच संदिग्ध आहे, कारण ती नोकरी आज चालू आहे की मागची आहे हे त्यातून कळत नाही. तेथे भाषांतरकाराने अर्जातील तारखा पाहाव्या लागतात, आणि अर्जात '2015 ते 2020' असे दिसले तर 'दा' परत येते, पण वेगळ्या कामासाठी : 'दाल 2015 आल 2020', आणि क्रियापद निःशंकपणे भूतकाळात.

शुल्क भरलेले असल्यामुळे मुदत संपेपर्यंत इंपेर्फेत्तोचा विभाग मी वापरत राहीन, आणि कोणाकडे ही माला आधीच असेल तर त्याने पहिले धडे सोडून थेट तेथूनच सुरुवात करावी. नूतनीकरण करणार नाही. प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या वर 'तो आजही तेथेच राहतो' किंवा 'तो आता तेथे राहत नाही' अशी एक ओळ छापली आणि त्यानुसार एकच उत्तर मान्य केले, तर मी माझा निर्णय बदलेन. तसे त्यांना लेखी कळवले आहे.