प्रायव्हेट इन्स्टाग्राम बरेच महिने वापरल्यावर: रिक्वेस्ट लटकत ठेवली की समोरच्याला काय दिसतं

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी माझं इन्स्टाग्राम अकाउंट प्रायव्हेट केलं. लेक शाळेत जायला लागली, आणि तिचे फोटो हिंजवडीतल्या ऑफिसपासून कोथरूडच्या सोसायटीपर्यंत कुणीही बघावेत हे नकोसं वाटायला लागलं. सेटिंग्जमधलं एक बटण दाबलं की काम होतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त एक ध्यानात घ्या: आधीपासून फॉलो करणारे सगळे तसेच राहतात. त्यातलं कुणी नको असेल तर फॉलोअर्सच्या यादीत जाऊन एकेकाला काढावं लागतं. काढल्याचं नोटिफिकेशन त्यांना जात नाही.

लिहायचंय ते त्यानंतर येणाऱ्या रिक्वेस्टबद्दल. बहुतेकांना वाटतं की इथे दोनच पर्याय आहेत, Confirm किंवा Delete. रोजच्या वापरात मात्र तिसराच पर्याय सगळ्यात जास्त वापरला जातो, तो म्हणजे काहीच न करणं. आणि या तिन्हींचा समोरच्याला वेगवेगळा पत्ता लागतो.

नेमकं काय दिसतं ते बघायला एका रविवारी वहिनीला बोलावलं. तिने नवीन अकाउंट काढलं होतं, त्यावरून तिला रिक्वेस्ट पाठवायला लावली आणि दोघी दोन फोन शेजारी ठेवून बसलो. तिने Follow दाबताच तिच्याकडे ते बटण राखाडी होऊन Requested झालं. माझ्याकडे नोटिफिकेशन्सच्या पानावर, वरच्या बाजूला, रिक्वेस्टच्या यादीत तिचं नाव आलं. तिच्याकडे माझा प्रोफाइल फोटो, नाव, बायो, आणि पोस्ट, फॉलोअर्स, फॉलोइंग हे तिन्ही आकडे दिसत होते. खाली कुलपाचं चित्र आणि अकाउंट प्रायव्हेट असल्याचा मजकूर. आकड्यांवर बोट ठेवलं तर फॉलोअर्सची यादी उघडली नाही. पोस्ट नाहीत, स्टोरी नाही, हायलाइट्सही नाहीत.

म्हणजे बायो आणि प्रोफाइल फोटो प्रायव्हेटच्या बाहेरच राहतात. माझ्या बायोत तेव्हा लेकीच्या शाळेचं नाव होतं आणि फोटोत ती माझ्या कडेवर होती. दोन्ही त्याच दुपारी बदललं. ज्यांनी मुलांसाठी म्हणून अकाउंट प्रायव्हेट केलंय त्यांनी आधी हेच दोन कोपरे बघावेत. रिक्वेस्ट मंजूर करायची की नाही हा प्रश्न नंतरचा.

आता Delete. मी दाबलं, वहिनीला काहीही नोटिफिकेशन आलं नाही. पण तिने माझं प्रोफाइल पुन्हा उघडलं तेव्हा Requested जाऊन परत Follow आलं होतं. नकार कळवला जात नाही, पण लपवलाही जात नाही. बघणाऱ्याला कळतो, न बघणाऱ्याला कधीच कळत नाही. शिवाय तिने लगेच पुन्हा Follow दाबलं तेव्हा तिचं नाव नव्याने माझ्या यादीत हजर. Delete केल्याने पुढच्या रिक्वेस्टला अटकाव होत नाही, तो ब्लॉक केल्यानेच होतो.

याचा खरा अनुभव आला तो आमच्या मजल्यावरच्या काकूंच्या रिक्वेस्टमुळे. काकू प्रेमळ आहेत, पण त्यांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तिन्ही विंगना कळते. त्यांची रिक्वेस्ट आली, मी Delete केली. चार दिवसांनी पुन्हा आली. मला आधी वाटलं की मुद्दाम पाठवतायत, पण लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा उलगडा झाला.

‘‘अगं, मी मागे तुला रिक्वेस्ट पाठवली होती, पण बहुतेक गेलीच नाही. बटण तसंच होतं. परत पाठवलीय बघ.’’

‘‘हो काकू, बघते हं.’’

त्यांच्या दृष्टीने Follow परत दिसणं म्हणजे नकार नव्हताच, आपलं बोट नीट लागलं नाही एवढाच अर्थ होता. माझ्या टीममधल्या पंचविशीतल्या मुलामुलींना विचारलं तर त्यांचा अर्थ बरोबर उलटा: Follow परत आलं की विषय संपला, पुन्हा पाठवायचं नाही, आणि मनात थोडं ठेवायचंही. तेच बटण, पण वयाप्रमाणे वाचन वेगळं. त्यामुळे मी तेव्हापासून एक ठरवलंय. अनोळखी आणि खोटी वाटणारी अकाउंट्स सरळ Delete करते किंवा रिपोर्ट करून ब्लॉक करते. ओळखीच्या, पण आत नको असलेल्या माणसाची रिक्वेस्ट तशीच राहू देते. Requested लिहिलेलं बटण ‘अजून बघितलं नाही’, ‘बघून ठेवलंय’, ‘हल्ली ॲप उघडतच नाही’ यातलं काहीही सांगू शकतं, आणि रिक्वेस्ट उघडून बघितली की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही. माझ्या यादीत कित्येक महिन्यांपासूनच्या रिक्वेस्ट आहेत, त्या आपोआप गेलेल्या नाहीत.

पण लटकत ठेवणं वाटतं तितकं मुकं नाही. दोन ठिकाणी गळती आहे.

पहिली पोस्टच्या आकड्याची. मी ट्रेकचे तीन फोटो वेगवेगळे टाकले तर बाहेरून बघणाऱ्याला फोटो दिसत नाहीत, पण 214 चे 217 झालेले दिसतात. ‘मी हल्ली इन्स्टाग्राम उघडतच नाही’ हे पुणेरी उत्तर मग चालत नाही.

दुसरी जास्त त्रासाची. रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला तुमच्या प्रोफाइलवर, बायोच्या खाली, त्याच्या ओळखीचं कोण कोण तुम्हाला फॉलो करतं ते दिसतं, म्हणजे ज्यांना तो स्वतः फॉलो करतो अशांची एक-दोन नावं आणि पुढे ‘आणखी इतके जण’. पूर्ण यादी बंद असली तरी ही ओळ उघडी असते. काकूंना तिथे आमच्याच विंगमधल्या दोघींची नावं दिसली. त्या दोघी आधीपासूनच्या मैत्रिणी, मी पब्लिक असल्यापासूनच्या. पण काकूंना तो इतिहास दिसत नाही, त्यांना एवढंच दिसतं की शेजारणी आत आहेत आणि आपण बाहेर. नंतरच्या भेटीत त्यांनी ‘‘तुमचा ग्रुप वेगळाय वाटतं’’ असं म्हटलंच. एखाद्या सोसायटीतून किंवा एकाच ऑफिसच्या मजल्यावरून एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवायचं असेल, तर ती निवड लपून राहणार नाही हे धरूनच चाला. मी यावर तोडगा शोधला, तसा काही मिळाला नाही.

शेवटी काकूंना Confirm केलं. Confirm केल्यावर समोरच्याला लगेच नोटिफिकेशन जातं, आणि तिथून पुढे त्यांना नवं-जुनं सगळं उघडं होतं. ‘आजपासूनचं बघा’ अशी सोय नाही. म्हणून आधी मी दोन वर्षांपूर्वीच्या काही पोस्ट अर्काइव्हमध्ये टाकल्या. अर्काइव्ह केलेली पोस्ट फक्त आपल्याला दिसते आणि केव्हाही परत आणता येते. मग काकूंपासून स्टोरी लपवली, त्याचंही त्यांना कळत नाही. लेकीचे फोटो आता फक्त क्लोज फ्रेंड्सना जातात. पूर्वी ही सोय स्टोरीपुरती होती, 2023 च्या नोव्हेंबरपासून पोस्ट आणि रील्सलाही आली. एवढं केल्यावर काकू आत आहेत, खूश आहेत, माझ्या बाल्कनीतल्या झाडांना बदाम देतात, आणि मला काही अडचण नाही. खरं सांगायचं तर ज्याच्याशी रोज लिफ्टमध्ये गाठ पडते त्याला बाहेर लटकवण्यापेक्षा हे सोपं पडलं.

Confirm म्हणजे आपणही त्यांना फॉलो केलं असं होत नाही. सासरच्या एका नातेवाइकांचा यावरून गैरसमज झाला होता, की मी रिक्वेस्ट घेतली तर त्यांचे फोटो मला दिसतच असणार, मग लाइक का नाही. त्यांचंही अकाउंट प्रायव्हेट. मला ते बघायचे तर मी वेगळी रिक्वेस्ट पाठवायची आणि त्यांनी ती मंजूर करायची.

मेसेजचंही थोडं. रिक्वेस्ट लटकलेली असताना समोरचा मेसेज पाठवू शकतो. तो मेसेज रिक्वेस्टच्या वेगळ्या कप्प्यात पडतो, आणि तुम्ही तो स्वीकारत नाही तोवर वाचल्याची खूण त्याला दिसत नाही. स्वीकारून उत्तर दिलं तरी फॉलोची रिक्वेस्ट आपोआप मंजूर होत नाही, त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मात्र Requested तसंच ठेवून मेसेजला उत्तर दिलं, की ‘बघितलंच नाही’ ही पळवाट बंद.

प्रायव्हेटने न झाकली जाणारी एक जागा नातेवाइकांमुळे कळली. मामींचं अकाउंट पब्लिक आहे, आणि लेकीच्या वाढदिवसाचे सगळे फोटो त्यांनी तिथे टाकले. माझ्याकडे कितीही जणांच्या रिक्वेस्ट लटकत असोत, ते फोटो सगळ्यांना दिसत होते. मामींना सांगून काढून घेतले. पब्लिक पानांवर आपण लिहिलेल्या कमेंट्सही अशाच सगळ्यांना दिसतात, आपलं अकाउंट प्रायव्हेट असलं तरी.

एक्सवर प्रोटेक्टेड अकाउंटचा प्रकार साधारण असाच आहे, पण तिथे एक बारीक मुद्दा आहे: अकाउंट पुन्हा पब्लिक केलं तर लटकलेल्या रिक्वेस्ट आपोआप मंजूर होत नाहीत, त्या लोकांना पुन्हा फॉलो करावं लागतं. आधी यादी निपटून मग पब्लिक करा.

आता रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांसाठी, कारण आपण सगळेच कधी ना कधी त्या बाजूला असतो. Requested दिसतंय तोवर तुमची फॉलोइंगची संख्या वाढत नाही, आणि Requested वर पुन्हा टॅप करून रिक्वेस्ट मागे घेता येते. मागे घेतली की समोरच्याच्या यादीतून नाव जातं. पण मागे घेऊन लगेच परत पाठवली तर तिकडे ती ताज्या वेळेसह नव्याने येते. टीममधला एक मुलगा हे दर आठवड्याला करायचा, त्याला वाटायचं की कुणाला कळत नाही. मला कळत होतं, नाव दरवेळी यादीत वर यायचं.

आपण कुणाकुणाला रिक्वेस्ट पाठवून विसरलो, हे आठवत नसेल तर अकाउंट सेंटरमधून स्वतःची माहिती डाउनलोड करून घ्या. त्यात फॉलोअर्स आणि फॉलोइंगचा भाग निवडला की pending_follow_requests नावाची फाइल मिळते, HTML प्रकार घेतला तर ब्राउझरमध्ये सरळ वाचता येते. प्रत्येक नावापुढे रिक्वेस्ट पाठवल्याची तारीख असते. वहिनीने तिच्या जुन्या अकाउंटची काढली, तर त्यात फर्ग्युसनमधल्या एका वर्गमैत्रिणीचं नाव निघालं, लॉकडाउनच्या काळातलं. ती मैत्रीण तिला दर महिन्याला भिशीत भेटते. वहिनीने काही न बोलता रिक्वेस्ट मागे घेतली.