धर्मनिरपेक्षता की धार्मिक बहुलता: निबंधाला आधार कशाचा घ्यावा?

'कायदा आणि धर्म' या पेपरासाठी बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्यांना दोन्ही तत्त्वं आपल्याच राज्यातल्या उदाहरणांवर तपासून बघता येतात.

धर्मनिरपेक्षतेचा आधार पक्का आहे. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्या खटल्यात 1994 साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तिला संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग मानलं. बहुलता उद्देशिकेत नावाने येत नाही; ती कलम 25 ते 30 मधून वाचावी लागते.

दोन्हींतला फरक हिजाबच्या निकालात सर्वांत स्वच्छ दिसतो. फेब्रुवारी 2022 च्या सरकारी आदेशानंतर पीयू कॉलेजांतल्या मुलींचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 13 ऑक्टोबर 2022 ला दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्ता यांच्या मते सरकारी वर्गात सगळे सारखे दिसावेत, एका समाजाला धार्मिक खूण घालू देणं धर्मनिरपेक्षतेशी विसंगत. न्या. सुधांशु धुलिया यांनी हिजाब धर्मात अत्यावश्यक आहे का, हा प्रश्नच बाजूला ठेवला. हा त्या मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि तिला वर्गाबाहेर ठेवून तिचं आयुष्य सुधारतं का, असं त्यांनी विचारलं. मला धुलियांची, म्हणजे बहुलतेच्या बाजूची, मांडणी जास्त पटते. शिक्षण थांबलं तर नुकसान तिचंच होतं.

पण निवडीवरच सगळी भिस्त ठेवली, तर सौंदत्तीला अडचण येते. यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूरपासूनचे भाविक येतात. त्या भक्तीला संविधानाचं पूर्ण संरक्षण आहे. देवीला मुलगी सोडण्याला मात्र नाही. कर्नाटकच्या 1982 च्या देवदासी कायद्याने सांगितलं की त्या बाईची संमती असली तरी समर्पण बेकायदाच. इथे राज्य 'निवड' ऐकतच नाही, आणि तेच बरोबर आहे. समाजसुधारणेसाठी कायदा करायची मुभा कलम 25(2)(ख) देतं. गळ्यात दर्शन, म्हणजे देवीच्या नावाची मण्यांची माळ, बांधलं की त्या पोरीच्या लग्नाची वाट रूढी बंद करत आली; म्हणून समर्पित स्त्रीचं लग्न वैध राहील, हेही कायद्याला सांगावं लागलं. हिजाब घालणारी मुलगी उद्या तो काढू शकते, शिवाय तोवर शिकतही असते.

घरच्या दबावाने घातलेला हिजाब ही निवड कशी, हा आक्षेप खरा आहे आणि बहुलतेची बाजू तिथेच सगळ्यात कच्ची पडते. त्याला उत्तर देता येत असेल, तर बहुलता आधाराला घ्या आणि सौंदत्ती तिची मर्यादा म्हणून मांडा. नसेल, तर धर्मनिरपेक्षता घ्या. मात्र मग गणवेशाऐवजी देवदासी कायद्यापासून सुरुवात करा, कारण राज्याचा हस्तक्षेप तिथे जास्त ठामपणे समर्थनीय ठरतो.