ओबीचा प्रश्नसंच सात महिने वापरल्यावर: एका डॉलरचा प्रश्न आणि आमच्या शॉपमधले काका

भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे भाग दाबून बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये मी एचआरचं काम बघते आणि शनिवार-रविवार शिवाजीनगरला व्यवस्थापनाचा अर्धवेळ कोर्स करते. ऑर्गनायझेशनल बिहेवियर, म्हणजे ओबीच्या पेपरसाठी मी मोबाइलवर चालणारा एक प्रश्नसंच विकत घेतला. त्याला आता सात महिने झाले. नाशिक फाट्याला मेट्रोत बसले की शिवाजीनगर येईपर्यंत दहा प्रश्नांची एक चाचणी पुरी होते. अ‍ॅटिट्यूड, कॉग्निटिव्ह डिसोनन्स आणि जॉब सॅटिस्फॅक्शन हा भाग मी तीनदा सोडवला आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

पहिल्या फेरीत मला दहापैकी चार मिळाले. पुस्तकातल्या व्याख्या पाठ होत्या, तरी चार. ज्या प्रश्नावर मी अडले, त्याच्यासाठी एवढं लिहायला बसले आहे.

प्रश्न असा होता: दोन जणांना एकच कंटाळवाणं काम दिलं. नंतर दोघांनाही पुढच्या माणसाला ‘काम फार मजेचं आहे’ असं खोटं सांगायला लावलं. एकाला त्याबद्दल १ डॉलर दिला, दुसऱ्याला २०. नंतर विचारल्यावर काम खरोखर आवडलं असं कोण जास्त म्हणेल? मी बेधडक ‘२० डॉलरवाला’ निवडला. जास्त पैसे मिळाले तर माणूस जास्त खूश, एवढाच माझा हिशेब. वर्गातल्या बहुतेकांनी तेच निवडलं होतं.

उत्तर आहे १ डॉलरवाला. वागणं आणि मत जुळलं नाही की माणसाला आत टोचणी लागते आणि ती कमी करायला तो मत बदलतो, हा कॉग्निटिव्ह डिसोनन्सचा सिद्धांत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडला आणि १९५९ मध्ये फेस्टिंगर व कार्लस्मिथ यांचा स्टॅनफर्डमधला हा प्रयोग छापून आला. विद्यार्थ्यांनी अर्धा तास एका हाताने ट्रेमध्ये रिळं भरायची, रिकामी करायची, परत भरायची. पुढचा अर्धा तास फळीवरच्या ४८ चौकोनी खुंट्या एकेक करून पाव वळसा फिरवायच्या. मग काम किती मजेचं होतं, ते उणे ५ ते अधिक ५ या पट्टीवर सांगायचं. ज्यांना खोटं बोलायला सांगितलंच नव्हतं, त्यांची सरासरी उणे ०.४५ आली. २० डॉलरवाल्यांची उणे ०.०५ आणि १ डॉलरवाल्यांची अधिक १.३५. २० डॉलरवाल्याकडे स्वतःला द्यायला कारण होतं, पैशासाठी बोललो. १ डॉलरवाल्याकडे ते नव्हतं. बोललेले शब्द मागे घेता येत नाहीत, मग मतच हललं: ‘तसं काम काही वाईट नव्हतं.’

प्रश्नसंचाचं मला आवडलेलं काम म्हणजे त्याने हे उत्तर तिथेच सोडून दिलं नाही. पुढचे पाच-सहा प्रश्न याच प्रयोगाचे धागे एकेक करून ओढतात. बाब माणसाला किती महत्त्वाची आहे, निर्णय त्याच्या हातात किती होता आणि मोबदला किती मिळाला, या तीन गोष्टींवर आतली टोचणी किती हे ठरतं. प्रत्येक प्रश्नात यातली एकच गोष्ट बदललेली असते. तीन वेळा चुकल्यावर मला कळलं की मोठा मोबदला डिसोनन्स वाढवत नाही, कमी करतो. व्याख्या वाचून हे मला उमगलं नव्हतं.

आणि मग मला आमचे क्वालिटीचे काका आठवले.

काका चोवीस वर्षं तपासणीत आहेत. ब्रॅकेटच्या भोकाला बर, म्हणजे कापताना सुटलेली धारदार कड, राहिला तर पूर्वी ते मालाची अख्खी बिन लाल टॅग लावून परत पाठवायचे आणि सुपरवायझरशी भांडायचे. मागच्या वर्षी महिनाअखेरीच्या डिस्पॅचचा ताण वाढला. त्यांना कोणी हुकूम दिला नाही. ‘काका, तुम्ही अनुभवी, तुम्हीच बघा काय ते,’ एवढंच म्हटलं जायचं. ते सही करून माल सोडायला लागले. जास्तीचा एक रुपया मिळत नव्हता. चार-पाच महिन्यांनी कॅन्टीनमध्ये मी त्यांना नव्या पोराला सांगताना ऐकलं, ‘एवढा बर काय होत नाही रे, रंगात दबून जातो. कस्टमर बघत पण नाही.’ माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हे काका बोलत होते.

दुसऱ्या शिफ्टला तपासणीला एक तरुण मुलगा आहे. त्यानेही तसाच माल सोडला, पण त्याच्या हट्टापायी प्लांट हेडने प्रत्येक वेळी डेव्हिएशनच्या, म्हणजे नियमात न बसणारा माल सोडायच्या परवानगीच्या कागदावर स्वतः सही केली. तो मुलगा आजही म्हणतो, ‘मॅडम, माल खराबच होता. वरून सांगितलं म्हणून सोडला.’ दोघांची कृती एकच, मत मात्र एकाचंच बदललं. काकांना बाब महत्त्वाची होती, निर्णय त्यांच्यावर टाकलेला होता आणि मोबदला शून्य होता, म्हणजे तिन्ही गोष्टी टोचणी वाढवणाऱ्या. मुलाला कागदाचा आडोसा मिळाला, त्याला मत बदलायची गरजच पडली नाही. बिघाड झालेला ओळखायचा कसा, तेही मला यातून कळलं. माणूस चूक करताना कुरकुरतोय तोवर त्याचं मूळ मत शाबूत आहे. कुरकुर थांबून तो चुकीचं समर्थन नव्या माणसाला शिकवायला लागला, की मत गेलं.

मी प्रॉडक्शन मीटिंगमध्ये एकच मागणी केली. डेव्हिएशन तोंडी नको, मंजूर करणाऱ्याच्या नावासकट कागदावर हवं, तपासणाऱ्याच्या सहीवर नको. जानेवारीपासून तसं सुरू झालं. मार्चमध्ये काकांनी दोन बिनना लाल टॅग लावले. सहीला वरचे लोक कचरायला लागले म्हणून झालं, की काकांचं मत परत फिरलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोन्ही असेल.

इथे प्रश्नसंच थोडा कमी पडतो. त्यात डॅरिल बेम यांच्या सेल्फ-परसेप्शनवर एकच प्रश्न आहे आणि स्पष्टीकरण दोन ओळींचं. बेम यांचं म्हणणं होतं की आत टोचणी वगैरे मानायची गरज नाही. माणूस आपलं वागणं बघतो आणि त्यावरून आपलं मत काय असेल याचा अंदाज बांधतो. मग काकांचं कुठलं? १९७७ मध्ये फॅझियो, झाना आणि कूपर यांनी दोन्हींची हद्द आखली. वागणं आधीच्या मताच्या जवळपास असेल तर बेम लागू पडतात, मताच्या पार उलट असेल तर डिसोनन्स. चोवीस वर्षं लाल टॅग लावणाऱ्याने माल सोडणं हे पार उलट आहे, म्हणून मी डिसोनन्स म्हणते. संचात ही हद्द दाखवणारा एक जरी प्रश्न असता तर विद्यार्थ्यांचा गोंधळ वाचला असता, कारण परीक्षेत चार पर्यायांत ही दोन्ही नावं शेजारी येतात.

आणखी एक गोष्ट संचात यायला हवी. २०२४ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून डिसोनन्सचा एक जुना प्रयोग परत करून बघितला. स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहिणाऱ्यांचं मत सरकलं, पण ‘लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा’ असं सांगितल्याने अपेक्षित फरक पडला नाही. म्हणजे निर्णय हातात असण्याच्या मुद्द्यावर आज प्रश्नचिन्ह आहे. माझ्या काकांच्या उलगड्यातला एक पाय त्याच मुद्द्यावर उभा आहे, त्यामुळे मी तो पूर्वीइतक्या खात्रीने मांडत नाही. परीक्षेत उत्तर जुनंच लिहावं लागेल, पण शॉपमध्ये काम करणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

आता तक्रार. जॉब सॅटिस्फॅक्शनच्या भागात ‘समाधानी कर्मचारी जास्त उत्पादक असतो’ हे विधान दोन चाचण्यांत आहे. एकीत उत्तर ‘बरोबर’ दिलंय, दुसरीत ‘चूक’. स्पष्टीकरण दोन्हीकडे नाही. ज्याने दोन्ही सोडवल्या त्याने काय लक्षात ठेवायचं? खरं तर दोन्ही उत्तरांमागे संशोधन आहे. १९८५ मध्ये याफाल्डानो आणि मचिन्स्की यांनी आधीचे अभ्यास एकत्र केले तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.१७ च्या आसपास निघाला, आणि ‘संबंध जवळजवळ नाहीच’ हे मत रूढ झालं. २००१ मध्ये जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुने घेऊन मोजमापातल्या चुका वजा केल्या, तेव्हा तो ०.३० आला. ०.३० म्हणजे कामगिरीतल्या फरकांपैकी साधारण ९ टक्के समाधानाशी जुळतात. संबंध आहे, पण लंगडा. शिवाय आधी काय, नंतर काय, हे त्या आकड्यातून कळत नाही. आमच्याकडे पीस-रेटवर चांगला आकडा काढणारा ऑपरेटर इन्सेंटिव्ह हातात पडल्यावर खूश असतो, म्हणजे कामगिरी आधी आणि समाधान नंतर. मी प्रश्नसंचाच्या कंपनीला मेल केली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एक चाचणी दुरुस्त केली, दुसरी अजून तशीच आहे.

नाराज कर्मचारी कसा वागतो ते सांगणाऱ्या एक्झिट, व्हॉइस, लॉयल्टी, निग्लेक्ट या चौकटीवरचे प्रश्न मात्र फार चांगले बेतलेत. पगारवाढ न मिळालेली एक बाई रोज वेळेवर येते, काही बोलत नाही, तिचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, मात्र दर आठवड्याला वाढतंय. तिचं गप्प बसणं पाहून मी ‘लॉयल्टी’ निवडलं. उत्तर निग्लेक्ट. गप्प तर दोन्हींत असतात. फरक एवढाच की लॉयल्टीत माणूस सुधारणा होईल म्हणून थांबलेला असतो आणि बाहेरच्याने कंपनीला नावं ठेवली तर बाजू घेतो. निग्लेक्टमध्ये त्याने हात सोडलेला असतो. हजेरीच्या वहीत हा फरक दिसत नाही, रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये दिसतो. तेव्हापासून महिन्याला दोन्ही वह्या मी शेजारी ठेवून बघते.

कोणी घ्यावा? ज्याने पुस्तकातलं प्रकरण एकदा वाचलंय त्याने. कोऱ्या डोक्याने बसलात तर पर्यायांतून अंदाज मारायची सवय लागते आणि गुण वाढले तरी विषय कळत नाही. माझ्या बॅचमधल्या एकीचं तसंच झालं. चुकलेला प्रश्न लगेच परत सोडवू नका, अ‍ॅप तशी सूचना देतं तरीही. मी आठवड्याने सोडवायचे आणि उत्तराआधी कारण वहीत एका ओळीत लिहायचे. शेवटच्या फेरीत नऊ आले. चुकलेला दहावा प्रश्न त्या दुरुस्त न केलेल्या चाचणीतलाच होता.

माझी मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. डिसोनन्सच्या प्रश्नांसाठी मी परत पैसे भरणार आहे, आणि त्या उरलेल्या चाचणीसाठी उद्या पुन्हा मेल टाकणार आहे.